वायद्याचा वाजवी भाव कसा ठरतो?

मुंबईच्या शेअर बाजारात २००१ सालच्या जुलैपर्यंत ‘बदला’ नावाची पद्धत चालत असे. शेअर विकत घेऊनही लगेच पैसे भरायची तयारी नसलेला तेजीवाला आपला सौदा पुढे ओढत नेई. त्याच्या वतीने पैसे घालणाऱ्याला बदलावाला म्हणत, आणि त्या पैशांवरचे व्याज म्हणजे बदल्याचा दर. तेजीवाल्यांची गर्दी झाली की हा दर चढे. कधीकधी मात्र मंदीवाल्यांनी हातात नसलेले शेअर इतके विकून ठेवलेले असत, की द्यायला शेअरच मिळेनासे होत. मग पैसे उलट्या दिशेने वाहू लागत. मंदीवालाच तेजीवाल्याला पैसे देई, आणि दलाल स्ट्रीट त्याला ‘उंधा बदला’ म्हणे.

सेबीने ही पद्धत बंद केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात एकेका शेअरचे वायदे, म्हणजे स्टॉक फ्युचर्स, सुरू झाले. बदलावाला गेला, पण व्याज गेले नाही. पूर्वी ते वेगळे आकारले जाई, आता ते वायद्याच्या भावातच मिसळलेले असते.

म्हणूनच एखादा शेअर रोख बाजारात १,००० रुपयांना आणि त्याचा महिनाभराचा वायदा १,००५ रुपयांना दिसला, तर बाजाराला तो शेअर पाच रुपयांनी वाढेल असे वाटते, असा अर्थ काढता येत नाही. नवख्या गुंतवणूकदारांचा हा गैरसमज फार पसरलेला आहे. शेअर महिन्याने हवा असेल, तर दोन वाटा असतात. एक, आजच हजार रुपये देऊन तो घ्यायचा आणि महिनाभर सांभाळायचा. दुसरी, आज वायदा घ्यायचा आणि हजार रुपये महिनाभर सुरक्षित ठिकाणी व्याजाने ठेवायचे. दोन्ही वाटांनी महिन्याच्या शेवटी हातात तोच शेअर येतो. तेव्हा दोन्हींचा खर्चही सारखाच पडायला हवा. साडेसहा टक्के वार्षिक व्याजाने हजार रुपयांचे तीस दिवसांचे व्याज ५ रुपये ३४ पैसे होते. वायद्याचा वाजवी भाव म्हणूनच १,००५ रुपये ३४ पैसे. यात शेअर वर जाईल की खाली, याचा कुठेही विचार नाही.

दोन वाटांत आणखी एक फरक आहे. ज्याच्या नावावर शेअर आहे त्याला लाभांश मिळतो, वायदा घेणाऱ्याला मिळत नाही. समजा, वायद्याची मुदत संपण्याआधी या कंपनीच्या लाभांशाची एक्स-डेट येते आणि लाभांश आहे १५ रुपये. आता रोखीने शेअर घेणाऱ्याच्या पदरात पंधरा रुपये जास्त पडणार, म्हणून वायदा तेवढाच स्वस्त हवा. हजारात व्याजाचे ५ रुपये ३४ पैसे मिळवायचे आणि लाभांशाचे १५ वजा करायचे. वाजवी भाव झाला ९९० रुपये ३४ पैसे. (पंधरा रुपये मुदतीपूर्वी हाती आले तर त्यांवर थोडे व्याजही सुटते, पण ती रक्कम पैशांतच असते.)

पडद्यावर हजाराचा शेअर वायद्यात ९९० ला दिसला की अनेकांना ती पर्वणी वाटते. वायदा घेतल्यावर एक्स-डेट उजाडते, शेअर साधारण लाभांशाइतका खाली उघडतो आणि ती दहा रुपयांची ‘स्वस्ताई’ विरून जाते. लाभांश सढळ हाताने देणाऱ्या सरकारी कंपन्यांच्या वायद्यांत हा प्रकार वरचेवर दिसतो. निफ्टीतही तेच घडते. निफ्टी ५० हा निर्देशांक लाभांश हिशेबात धरत नाही. वार्षिक निकालांनंतर, उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत, लाभांशांची रांग लागते, तेव्हा निफ्टीच्या वायद्याचा हजर भावावरचा चढ आपोआप आटतो. त्याचा मंदीशी संबंध नसतो.

इथे जाणकारही चुकतात असा एक नियम आहे. लाभांश शेअरच्या बाजारभावाच्या दोन टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर भारतात तो ‘असाधारण’ मानला जातो. एक्स-डेटला शेअर बाजार स्वतःच चालू वायद्यांच्या भावातून ती रक्कम वजा करतो, त्यामुळे वायदा धरून बसलेल्याचे नुकसान होत नाही. म्हणजे आपल्या उदाहरणात लाभांश १५ ऐवजी ३० रुपये असता, तर वाजवी भाव काढताना तो वजाच करायचा नाही. पंधरा रुपयांचा लाभांश भाव खाली आणतो, तीस रुपयांचा आणत नाही. सूत्रात आकडे घालण्यापूर्वी ही दोन टक्क्यांची रेघ तपासावी लागते.

आता खऱ्या प्रश्नाकडे यायला हरकत नाही. वाजवी भाव १,००५ असताना वायदा १,०१२ ला चालू असेल तर?

अशा वेळी आर्बिट्राजवाले पुढे येतात. समजा, लॉट पाचशे शेअरांचा आहे. ते पाच लाख रुपयांचे पाचशे शेअर रोख बाजारात घेतात आणि त्याच क्षणी एक लॉट वायदा १,०१२ ला विकतात. मुदतीच्या दिवशी वायदा आणि शेअर एकाच भावावर येऊन मिळतात, कारण २०१९ पासून शेअरांचे सगळे वायदे प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊनच मिटवले जातात. शेअर ९०० वर असो वा १,१०० वर, यांनी हजाराला घेतलेला माल १,०१२ ला विकलेला असतो. बारा रुपये गुणिले पाचशे, म्हणजे सहा हजार रुपये. त्यातून पाच लाखांचे महिन्याचे व्याज, सुमारे २,६७० रुपये, वजा केले की ३,३३० रुपये उरतात.

हा आकडा अजून खिशात आलेला नाही. शेअर घेताना आणि देताना प्रत्येकी ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे उलाढालीवरचा कर, लागतो. तो मिळून सुमारे हजार रुपये. वायदा विकण्यावरचा कर, स्टॅम्प ड्युटी आणि दलाली वेगळी. शिवाय वायद्यासाठी मार्जिन भरावे लागते आणि त्या पैशांनाही व्याज आहेच. मधल्या काळात शेअर १,१०० वर गेला, तर विकलेल्या वायद्यावरचा चाळीस हजारांहून अधिक तोटा रोजच्या रोज रोखीने भरावा लागतो, आणि तेवढाच नफा मात्र शेअरमध्ये कागदावर अडकून राहतो. शेवटी हिशेब जुळतो, पण तोपर्यंत रोकड पुरली पाहिजे. ती संपली तर सौदा अर्ध्यात मोडावा लागतो आणि बिनजोखमीच्या व्यवहारात खरा तोटा होतो.

या खर्चांमुळे वाजवी भाव प्रत्यक्षात एका ठिपक्यासारखा नसून पट्ट्यासारखा असतो. वायदा १,००५ ऐवजी १,००७ ला असेल, तर त्यात कोणाच्याच हाती काही लागत नाही. १,०१२ चा वायदा वेगळेच सांगतो. त्यातले बारा रुपये तीस दिवसांसाठी आहेत, ते वर्षाला मोजले तर दर पडतो सुमारे साडेचौदा टक्के. साडेसहा टक्क्यांनी पैसे मिळत असताना कोणीतरी साडेचौदा द्यायला तयार आहे, याचा अर्थ थोड्या भांडवलावर मोठी तेजी करू पाहणाऱ्यांची रांग लागली आहे आणि त्यांना पैसा पुरवणारे कमी पडत आहेत. बदल्याचा दर चढला की जुने दलाल नेमके हेच ओळखत. आज बदलावाल्याच्या जागी मुख्यतः म्युच्युअल फंडांच्या आर्बिट्राज योजना आहेत. त्यांचा परतावा बहुतांशी याच फरकातून येतो.

उलटा प्रकार अधिक अवघड आहे. लाभांश नसताना वायदा ९९० ला चालू असेल, तर कागदावर उपाय सोपा दिसतो: शेअर विका, वायदा घ्या. पण हातात नसलेला शेअर भारतात रोख बाजारात फक्त दिवसभरापुरता विकता येतो. त्यापुढे तो उसना आणावा लागतो. २००८ पासून त्यासाठी शेअर उसने देण्या-घेण्याची अधिकृत सोय आहे, पण तिथली उलाढाल तुटपुंजी आहे आणि उसनवारीचे शुल्क नफा खाऊन टाकू शकते. हा सौदा सहज जमतो तो ज्यांच्याकडे शेअर आधीच आहेत अशा मोठ्या संस्थांना. म्हणून आपल्याकडे वायद्यातला जादा चढ लवकर मिटतो, आणि उतार मात्र दिवसेंदिवस रेंगाळू शकतो. त्यातच एखाद्या शेअरमधले खुले सौदे ठरलेल्या मर्यादेच्या ९५ टक्क्यांपलीकडे गेले, की त्यात नवे वायदे करायला बंदी येते. मग फरक डोळ्यांसमोर असूनही आर्बिट्राजवाल्याला आत शिरता येत नाही.

काही वेळा चूक वायद्याच्या भावात नसतेच. १९ ऑक्टोबर १९८७ ला, अमेरिकेच्या त्या काळ्या सोमवारी, न्यूयॉर्कमधला एस अँड पी ५०० निर्देशांक २८२ वरून २२५ च्या आसपास कोसळला. शिकागोत त्याचा डिसेंबरचा वायदा मात्र २०१ च्या जवळ बंद झाला. तेव्हाचे व्याज लाभांशापेक्षा बरेच अधिक होते, त्यामुळे वाजवी भाव निर्देशांकाच्या किंचित वर हवा होता. प्रत्यक्षात वायदा दहा टक्क्यांहून अधिक खाली होता.

हे पैसे कोणी उचलले का नाहीत? सकाळी कितीतरी मोठ्या कंपन्यांचे शेअर तासभर उघडलेच नव्हते. निर्देशांक त्यांचे शुक्रवारचे भाव धरून मोजला जात होता. म्हणजे उघडताना दिसलेल्या दरीतला मोठा भाग शिळ्या हजर भावाचा होता. वायदा खरे सांगत होता आणि निर्देशांक मागे पडला होता. पुढे शेअर उघडले, तेव्हा न्यूयॉर्कची ऑर्डर पाठवणारी यंत्रणा तुंबली. विकायला टाकलेला शेअर कधी आणि कोणत्या भावाला जाईल, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पडत्या भावात उसने शेअर विकायलाही तिथे तेव्हा मनाई होती. दुसऱ्या दिवशी तर आर्बिट्राजसाठी ती यंत्रणा वापरायलाच न्यूयॉर्कच्या बाजाराने बंदी केली. दोन बाजारांना बांधणारा दोर तुटला होता.

म्हणून वायदा आणि हजर भावातली दरी दिसली, की जाणकार आधी हजर भाव ताजा आहे का ते पाहतात. मग मुदतीच्या आत एक्स-डेट येते का आणि लाभांश दोन टक्क्यांच्या आत आहे की बाहेर, हे तपासतात. राहिलेल्या फरकाचा वार्षिक दर काढून तो बाजारातल्या व्याजाशी ताडतात. दर चढा निघाला तर पैशाला मागणी आहे; उणे निघाला तर शेअर उसना मिळणे कठीण झाले आहे किंवा विम्यासारखे संरक्षण म्हणून वायदे विकणाऱ्यांची गर्दी आहे. एवढ्या पायऱ्या उतरल्यावर बहुतेक दऱ्यांत आर्बिट्राजवाल्यासाठी खर्च वजा जाता काही उरत नाही, आणि जिथे उरते तिथे तो सर्वांत आधी मुदतीपर्यंत भरायच्या रोकडीची तजवीज करतो.