ओली टाच, कोरडी टाच: भेगांच्या फोटोवरून काय कळतं

चिखलात राबल्याने टाचा फुटतात, असं मावळात सर्रास ऐकू येतं. पण पवन मावळात किंवा नाणे मावळात ऐन लावणीच्या दिवसांत एखाद्या बाईच्या टाचेचा फोटो काढून पाहा. कातडी पांढरी, फुगलेली आणि सुरकुतलेली दिसेल, भेग मात्र सहसा दिसणार नाही. त्याच टाचेचा डिसेंबरातला फोटो शेजारी ठेवला, तर दोन्ही एकाच पायाचे आहेत यावर विश्वास बसत नाही.

चिखलाचा दोष आहे, पण तो उशिरा दिसतो. तळपायाच्या कातडीत तेलग्रंथी नसतात. घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, पण पोटरीवर किंवा चेहऱ्यावर आपोआप येणारा तेलकटपणा टाचेला मिळत नाही. तिथल्या जाड मृत थरात ओलावा धरून ठेवणारे काही नैसर्गिक पदार्थ असतात, आणि ते पाण्यात विरघळतात. खाचरात दिवसभर पाय बुडालेले असले की ते थोडे थोडे धुऊन जातात. कातडी ओली असते तोवर ती मऊ राहते आणि ताणली तरी फाटत नाही. लोणावळ्यात वर्षाला 4000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तरी तोच लोणावळा थंडीत चांगलाच कोरडा होतो. पाऊस सरला, ऑक्टोबरचं ऊन झालं आणि कोरडी हवा सुटली की ओलावा धरणारं काही न उरलेला तो थर ताठ होतो. चालताना टाचेखालची चरबीची गादी प्रत्येक पावलाला बाहेरच्या बाजूला फाकते. मऊ कातडी तिच्याबरोबर ताणली जाते, ताठ कातडी काठावर तुटते. म्हणून भेगा बहुधा टाचेच्या मागच्या आणि बाजूच्या कडेला, उभ्या पडतात. मागून उघड्या चपलेत ही गादी आणखी मोकळी फाकते. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या दुकानातल्या माणसाच्या टाचा शेताचं तोंड न पाहताही फुटतात, त्याचं कारण हेच.

आता फोटोकडे येऊ. हल्ली आशाताई किंवा मुंबईत राहणारी लेक व्हॉट्सॲपवर टाचेचा फोटो पाठवते आणि विचारते, ‘किती वाईट आहे?’ प्रश्न रास्त आहे. पण फोटो कसा काढला, यावर उत्तर बरंचसं ठरतं.

बहुतेकांना वाटतं, पाय स्वच्छ धुऊन लगेच फोटो काढला की सगळं नीट दिसेल. होतं उलटं. सुकलेले पापुद्रे पांढरे दिसतात, कारण त्यांच्यामधल्या फटींत हवा असते आणि प्रकाश तिथून विखुरतो. फटीत पाणी किंवा तेल शिरलं की पापुद्रा जवळपास पारदर्शक होतो आणि कोरडेपणा फोटोतून गायब होतो. फ्लॅशही असाच फसवतो. उजेड समोरून पडला की भेगेत सावली उरत नाही आणि खोल भेग नुसत्या रेषेसारखी दिसते. खिडकीचा तिरपा उजेड बाजूने घेतला तर तीच भेग उठून दिसते, कधी कधी आहे त्याहून खोलही वाटते. कातडी गुळगुळीत करणारा कॅमेऱ्याचा मोड चालू राहिला असेल, तर उरलेलं काम तो करतो.

काळ्या भेगेबद्दल तर मोठाच गैरसमज आहे. भेग काळी म्हणजे खोल, आणि काळी म्हणजे बाई पाय धूत नाही, असं धरून चाललं जातं. काळेपणा मातीचा असतो आणि ती जाड मृत थरात इतकी घट्ट बसते की दगडाने घासूनही सहज निघत नाही. त्यावरून खोली कळत नाही. अनेकदा काळ्या भेगा उथळच असतात. काळजी करायची ती ओल्या, गुलाबी किंवा लाल तळाच्या भेगेची. कातडीच्या वरच्या थरात रक्तवाहिन्या नसतात. रक्त आलं, तर भेग खालच्या थरापर्यंत पोचली आहे असं समजावं. सावळ्या कातडीवर लाली तांबूस न दिसता तपकिरी किंवा जांभळट दिसते, त्यामुळे फोटोत ती सहज सुटते. शेजारी दुसरी टाच असेल तर तुलनेने ओळखू येते.

कोरड्या कातडीला ढोबळ श्रेणी द्यायची एक पद्धत युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाने 1995 मध्ये मांडली. ती नुसत्या डोळ्यांनी वापरता येते आणि तिच्यात शून्य ते चार अशा पायऱ्या आहेत. कोरडेपणा नाही, तिथे शून्य. बारीक, विरळ पापुद्रे, कातडी निस्तेज आणि किंचित खरखरीत असेल तर एक. पापुद्रे थोडे मोठे, खरखर हाताला जाणवणारी आणि रंग पांढुरका असेल तर दोन. सगळीकडे लहानमोठे पापुद्रे, स्पष्ट खरखर, कदाचित थोडी लाली आणि काही वरवरच्या भेगा असतील तर तीन. मोठे पापुद्रे, सुजलेली लाल कातडी आणि उघड्या भेगा असतील तर चार. ही पद्धत अंगावरच्या सगळ्या कोरड्या कातडीसाठी आहे. टाचेसाठी तिला एक पुस्ती जोडावी लागते: भेगेचा तळ कोरडा आहे की लाल. आणि श्रेणी सरासरीने द्यायची नाही, टाचेवरच्या सर्वांत वाईट जागेवरून द्यायची.

समजा, चाळिशीतल्या एका बाईच्या डाव्या टाचेचे तीन फोटो आले आहेत. पहिला आंघोळीनंतर लगेच काढलेला. त्यात टाच गुळगुळीत, चमकदार, काठावर दोन-तीन रेषा. पाहणारा एक देऊन मोकळा होईल. दुसरा रात्री फ्लॅशने काढलेला. पापुद्रे दिसतात, भेगा चपट्या वाटतात, म्हणजे दोन. तिसरा दुसऱ्या दिवशी सकाळी, काही न लावता, पाय पुसून अर्ध्या तासाने, खिडकीच्या तिरप्या उजेडात काढलेला. टाचेशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवलं आहे. नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो, त्यामुळे मोजमापाला आधार मिळतो. आता काठावर सात भेगा मोजता येतात. सर्वांत लांब भेग नाण्याच्या निम्म्याहून थोडी मोठी, म्हणजे साधारण 15 मिलिमीटर. सहा भेगांचे तळ कोरडे आणि मातकट आहेत. तेवढ्यावर तीन दिले असते. सातवी आतल्या बाजूला आहे, जेमतेम आठ मिलिमीटर लांब, पण तळ लाल आणि कडेला वाळलेल्या रक्ताचा ठिपका. श्रेणी चार. म्हणजे टाच एकच, एका दिवसाच्या आत काढलेले फोटो तीन, आणि त्यांतून निघालेल्या श्रेणीही तीन. ज्या भेगेने शेवटची श्रेणी ठरवली, ती भेगांमध्ये सर्वांत मोठी नव्हती.

एवढी काळजी घेऊनही दोन पाहणाऱ्यांत एका पायरीचा फरक सहज पडतो, विशेषतः एक आणि दोनमध्ये. त्याने फारसं बिघडत नाही. तीन आणि चारमधला फरक मात्र उपचार बदलतो. लाल तळाची उघडी भेग घेऊन खाचरात किंवा गोठ्यात उतरणं म्हणजे जंतूंना दार उघडं ठेवणं. मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात आणि उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. दोन्हींना फुटलेली कातडी सोयीची पडते. अशा माणसाने धनुर्वाताची लस कधी घेतली ते आठवावं, आणि पाय सुजून तापला, लाली वर चढू लागली किंवा ताप आला, तर फोटो पाठवत न बसता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं.

‘भेगा आहेत, पण दुखत नाहीत’ हे वाक्य लोक समाधानाने सांगतात. माझ्या मते सर्वांत घातक गैरसमज हाच. उथळ भेग न दुखणं स्वाभाविक आहे. लाल तळाची भेग दुखायलाच हवी. ती दुखत नसेल, तर बधिरपणाची शंका घ्यावी. मधुमेहात पायाच्या नसा बिघडतात, घाम कमी येतो, त्यामुळे तळवा कोरडा पडतो आणि वर जाणीवही कमी होते. कुष्ठरोगातही हेच घडतं. फोटोत हे काहीच दिसत नाही. डोळे मिटायला सांगून कापसाच्या टोकाने तळवा हलकेच शिवला आणि कुठे शिवलं ते सांगता आलं नाही, तर श्रेणी एक असली तरी डॉक्टरांकडे जावं. भेगा म्हणजे कॅल्शियम कमी, हा समज त्यामानाने निरुपद्रवी. गोळीने भेग भरत नाही, एवढंच. पोटातलं कारण शोधायचंच असेल तर रक्तातली साखर आणि थायरॉइड तपासून घ्यावं.

घरगुती उपायांत कोकमाचं तेल इकडे जुनं. ते घट्ट असतं, कातडीच्या उबेने पसरतं आणि आतला ओलावा उडू देत नाही. पण कोरड्या, जाड टाचेवर नुसतं थापलं तर कोंडून ठेवायला आत ओलावाच नसतो. आधी पाय कोमट पाण्यात 10–15 मिनिटं बुडवावेत, मऊ झालेला थर वजरीने हलकेच घासावा, पाय अर्धवट पुसावा आणि मगच तेल किंवा मलम लावून मोजे घालावेत. तेल वितळवून भेगेत गरम ओतायची पद्धत मात्र सोडून द्यावी. बधिर पायाला चटका कळत नाही आणि फोड येतो. ब्लेडने कातडी काढणंही तसंच: एक काप खोल गेला की श्रेणी तीनची टाच घरच्या घरी चार होते. दुकानात युरियाची मलमं मिळतात. साध्या कोरडेपणाला 10 टक्क्यांचं पुरतं, जाड थराला 20–25 टक्क्यांचं लागतं. उघड्या भेगेत ते झोंबतं, म्हणून तिथे आधी साधं व्हॅसलीन लावून भेग मिटू द्यावी.

तळव्याचा थर सावकाश बदलतो, म्हणून दुसरा फोटो चार आठवड्यांनी काढावा: तीच खिडकी, तीच वेळ, तेच नाणं. सोबत दोन्ही तळव्यांचा एक आणि बोटांच्या बेचक्यांचा एक फोटो असावा, कारण बेचक्यात चिखल्या असतील किंवा कोरडेपणा एकाच पायाला असून पापुद्रे पूर्ण तळव्यावर पसरले असतील, तर ती बहुधा बुरशी असते आणि कितीही मलम चोळलं तरी श्रेणी उतरत नाही. अशा वेळी दवाखान्यात पापुद्रे खरवडून काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतात.