आधी गिऱ्हाईक, मग गाळा

एखाद्या मालाला गिऱ्हाईक मिळेल की नाही, हे दुकान थाटल्यावरच कळते असा समज आहे. तोवर गाळ्याची अनामत भरलेली असते, फर्निचर बसलेले असते आणि माल फळीवर लागलेला असतो. हा खर्च करण्याआधीच गिऱ्हाइकाकडून पैसे मागून पाहणे, म्हणजे मागणीची चाचणी. इथे पाहायचे ते प्रत्यक्ष हातात पडलेले पैसे. ‘छान आहे, सुरू करा, आम्ही नक्की घेऊ’ हे मत झाले. ते देणाऱ्याला काही किंमत मोजावी लागत नाही आणि तोंडावर नाही म्हणणे बहुतेकांना जड जाते.

मराठी पुस्तक व्यवसायाला ही रीत नवी नाही. मोठा ग्रंथ किंवा अनेक खंडांचा संच काढताना प्रकाशक ‘प्रकाशनपूर्व सवलत’ जाहीर करतात. छापील किमतीपेक्षा कमी रक्कम आधी भरणाऱ्याला ग्रंथ निघाल्यावर प्रत मिळते. वाचकाला सवलत मिळते, तर प्रकाशकाला कागद घेण्याआधी भांडवलाचा काही भाग आणि किती प्रती छापाव्यात याचा अंदाज. नोंदणी फारच कमी झाली तर आवृत्ती लहान करता येते किंवा पैसे परत करून बेत सोडता येतो.

अमेरिकेतले झॅपोसचे उदाहरण याहून वेगळे आहे. १९९९ मध्ये निक स्विनमर्न यांना बूट इंटरनेटवरून विकायचे होते, पण पायात न घालता बूट कोण घेईल, ही शंका होती. त्यांनी गोदाम घेतले नाही. जवळच्या दुकानातल्या बुटांची छायाचित्रे काढून ती संकेतस्थळावर टाकली. मागणी आली की त्याच दुकानातून तो जोड विकत घ्यायचा आणि पाठवून द्यायचा. अशा विक्रीत नफा सुटणार नव्हता, पण त्या वेळी प्रश्न नफ्याचा नव्हताच. लोक असे बूट घेतात एवढे त्यातून सिद्ध झाले. पुढे २००९ मध्ये ॲमेझॉनने ही कंपनी विकत घेतली. चाचणी तोट्यात चालली तरी बिघडत नाही. मात्र ती कोणत्या एका प्रश्नासाठी आहे, हे आधी ठरलेले हवे.

तो प्रश्न आकड्यात कसा मांडायचा, यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. शहरातल्या एका उपनगरात फक्त ज्वारी-बाजरीच्या ताज्या भाकऱ्यांचे केंद्र काढायचे आहे. भाकरीची किंमत २० रुपये. पीठ, गॅस, बांधणी आणि थापणाऱ्या बाईंची मजुरी धरून खर्च ११ रुपये, म्हणजे भाकरीमागे ९ रुपये उरतात. गाळ्याचे भाडे, वीज आणि काउंटरवरचा मदतनीस मिळून महिन्याला २७,००० रुपये लागतील. तेव्हा नुसता खर्च भागायला महिन्याला ३,००० भाकऱ्या खपल्या पाहिजेत. एक कुटुंब आठवड्यातून तीनदा सहा-सहा भाकऱ्या नेते असे धरले, तर महिन्याला सुमारे ७८ होतात. म्हणजे ३९ नेहमीची कुटुंबे हवीत. पायी दहा मिनिटांच्या टप्प्यात १,५०० घरे असली आणि चाचणी त्यांतल्या ३०० घरांपुरती घेतली, तर तिथे किमान ८ कुटुंबे टिकली पाहिजेत. हा आठाचा आकडा चाचणी सुरू होण्याआधी कागदावर लिहून ठेवावा. नंतर ठरवायचा म्हटला, तर सहा आली तरी ‘सुरुवातीला एवढी पुष्कळ झाली’ असे मन म्हणते.

आता गाळ्याशिवाय भाकरी विकायची. त्या सोसायट्यांत पत्रके वाटायची, आठवड्याच्या १८ भाकऱ्यांचे कूपन ३६० रुपयांना आगाऊ विकायचे आणि भाकऱ्या घरच्याच ओट्यावर करायच्या. अन्न सुरक्षेची नोंदणी मात्र घरगुती विक्रीलाही लागते. ती चाचणीच्या नावाखाली टाळता येत नाही. ही तात्पुरती सोय आहे आणि केंद्र काढायचे अजून ठरलेले नाही, हे गिऱ्हाइकाला सांगितलेले असावे आणि उरलेल्या कूपनाचे पैसे मागताक्षणी परत मिळावेत. शिवाय भाकऱ्या घरपोच द्यायच्या नाहीत. पुढे दुकानात लोकांना चालत यावे लागणार आहे, तेव्हा आत्ताही संध्याकाळी सहा ते आठ या वेळात त्यांनी स्वतः येऊन न्याव्यात. सवलतही नको. चाचणीत दिलेले आणि पुढे न देता येणारे प्रत्येक सुख आकडा फुगवते.

समजा, पहिल्या आठवड्यात १९ कूपने खपली. इथेच अनेकजण गाळ्याची अनामत भरून मोकळे होतात. पण या १९ मध्ये ७ जण नात्यातले किंवा ओळखीचे आहेत, भिडेखातर घेतलेले. त्यांची नोंद वेगळी ठेवावी. काहींनी नवलाई म्हणून घेतले आहे. दुसऱ्या आठवड्यात ११ जणांनी पुन्हा पैसे भरले, चौथ्या आठवड्यात ५ जणांनी. रोजच्या खाण्याच्या वस्तूत पहिली खरेदी कुतूहलाची असते. चौथी सवयीची असते आणि भाडे सवयीतूनच निघते. पाचाला पाचाने गुणले की सबंध परिसरात २५ कुटुंबे होतात. हवी होती ३९. या हिशोबाने गाळा घेऊ नये.

तरी या २५ मध्ये आणखी काही दडलेले आहे. भाकरी २५ रुपयांना विकली तर मागे १४ रुपये उरतात आणि २५ कुटुंबांतही खर्च जेमतेम भागतो. पण २० रुपयांना घेणारे २५ देतीलच असे गृहीत धरता येत नाही, आणि ‘२५ द्याल का?’ असे त्या पाच जणांना विचारून उपयोग नाही. ते पुन्हा मतच होईल. दुसऱ्या सोसायटीत थेट २५ रुपयांची पत्रके वाटून तीच चाचणी पुन्हा घ्यावी लागते. किंवा आधीच चालू असलेल्या एखाद्या पोळी-भाजी केंद्राला भाकऱ्या पुरवून, भाड्याचा बोजा न घेता तेवढेच गिऱ्हाईक सांभाळता येते.

आगाऊ पैशांची ही पद्धत सगळ्याच मालाला लागू पडत नाही. वडापाव किंवा उसाचा रस कोणी आठवडाभर आधी नोंदवत नाही. जाता-येता दिसला, भूक-तहान लागली, की घेतला जातो. तिथे मागणी जागेवर अवलंबून असते, म्हणून एखाद्या चालू दुकानासमोरची जागा दुकानदाराच्या परवानगीने काही दिवस भाड्याने घेऊन तिथेच टेबल लावून पाहावे लागते. बचत गटांच्या प्रदर्शनातल्या विक्रीवरून मात्र दुकानाचा अंदाज बांधणे धोक्याचे. मुंबईच्या ‘महालक्ष्मी सरस’सारख्या ठिकाणी लोक खरेदीच्या मनःस्थितीत येतात आणि तिथे हातोहात खपलेला मसाला वर्षभर गल्लीत खपेलच असे नाही. फराळासारख्या हंगामी मालाचेही तसेच. दिवाळीतल्या नोंदणीवरून पुढच्या दिवाळीचा अंदाज करता येतो, जूनमधल्या चकलीचा नाही. जूनमध्ये चकली खपेल का, हे पाहायला पत्रके जूनमध्येच वाटावी लागतात.