चोवीस तास म्हणजे दिवस नव्हे

भाषांतर संस्थेकडे येणाऱ्या अर्जांत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘वैद्यकीय, कायदेविषयक, तांत्रिक, साहित्यिक, सर्व प्रकारची भाषांतरं अचूक करते.’ काम वाटणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. ‘औषधचाचण्यांची संमतिपत्रं आणि रुग्णांसाठीची माहितीपत्रकं, इंग्रजीतून मराठीत; त्याआधी चार वर्षं औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट’ असं लिहिलेला अर्ज मात्र बाजूला काढून ठेवला जातो. गंमत म्हणजे दुकानातली ती चार वर्षंच पुष्कळजण लपवतात, भाषेशी संबंध नाही म्हणून.

‘अचूक’ हा शब्द लिहिण्यापेक्षा नमुना जोडावा. समजा, मूळ सूचना अशी आहे की 24 तासांत 4 पेक्षा जास्त गोळ्या घेऊ नयेत आणि दोन गोळ्यांमध्ये किमान 4 तासांचं अंतर ठेवावं. ‘दिवसातून 4 गोळ्या, दर 4 तासांनी’ हे भाषांतर कानाला छान लागतं, आणि दोन ठिकाणी चुकतं. दिवसातून म्हटलं की उजाडल्यावर मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. रात्री अकराला चौथी गोळी घेतलेला माणूस सकाळी सहाला पाचवी बेलाशक घेतो. सात तास गेलेले असतात, म्हणजे अंतराचा नियमही मोडत नाही. शिवाय ‘जास्तीत जास्त’ आणि ‘किमान’ दोन्ही गळाल्याने, दुखत नसलं तरी दर चार तासांनी घ्यायचीच, असा हुकूम तयार होतो. नमुन्याखाली ‘24 तास तसेच ठेवले, कारण…’ अशा दोन ओळी लिहिल्या की तपासणाऱ्याला तुमचं डोकं कसं चालतं ते दिसतं.

तपासणीबद्दलही नेमकं लिहावं. 2015च्या आयएसओ 17100 या मानकात भाषांतरकाराने स्वतः केलेली तपासणी वेगळी आणि दुसऱ्या माणसाने मुळाशी ताडून केलेली वेगळी धरली आहे. दुसरीशिवाय काम पूर्ण मानत नाहीत. म्हणून ‘दोनदा तपासते’ म्हणण्यापेक्षा क्रम सांगावा: आधी मूळ आणि मराठी ओळीला ओळ लावून वाचन, मग फक्त आकडे आणि एककं, शेवटी मूळ बाजूला ठेवून नुसतं मराठी मोठ्याने. आकड्यांची फेरी वेगळी हवीच. मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम झालं तर मात्रा हजारपट होते, आणि वाक्य वाचताना ते कुठेच खटकत नाही. दुसरं कुणी तपासत असेल तर तसं लिहावं; नसेल तर नाही म्हणावं, तो माणूस संस्था देते.

नमुना म्हणून जुन्या ग्राहकाचं संमतिपत्र मात्र जोडू नये, नाव खोडूनसुद्धा. आज त्याचं पाठवलंत, उद्या आमचं पाठवाल, असं वाचणारा म्हणतो. औषधाच्या खोक्यातलं छापील माहितीपत्रक घेऊन त्यातला एक परिच्छेद केला तरी पुरतं.