हात गालाकडे जातो तेव्हा

नीटच्या तयारीसाठी नांदेडहून लातूरला गेलेली माझी नात गेल्या दिवाळीत घरी आली, तेव्हा तिच्या दोन्ही गालांवर खपल्या आणि काळसर डाग दिसले. आधी मुरूम थोडेच होते. ते फोडायचे, खपली धरली की ती काढायची, असा क्रम चार महिने चालला होता. “आजोबा, मी मुद्दाम करत नाही. हात कधी जातो तेच कळत नाही,” ती म्हणाली. घरातले सर्वजण मात्र दिवसातून दहा वेळा “हात लावू नकोस” एवढेच सांगत होते. त्यात मीही होतो.

लातूरच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी जे समजावले, ते येथे मांडतो. खपली म्हणजे जखमेवरचे झाकण. त्याखाली कडेकडून नव्या पेशी मध्याकडे सरकत असतात. खपली ओढली की तो कोवळा थर तिच्याबरोबर निघतो आणि आठवडाभरात मिटणारी जखम पुन्हा पहिल्या दिवसावर येते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत अशा जागी रंगद्रव्य साचते. तो डाग काही महिने टिकतो आणि उन्हाने अधिक गडद होतो. मराठवाड्याचे ऊन तर सर्वांना ठाऊकच आहे.

ताणाचा संबंध थोडा वेगळा आहे. मनावर ताण किंवा कंटाळा असताना बोटाला खरखरीत जागा लागते. ती उकरली की क्षणभर सुटल्यासारखे वाटते. हे क्षणभराचे सुख हाताला सवय शिकवते. मागाहून आरशात पाहिल्यावर शरम वाटते, तिच्यातून नवा ताण येतो आणि हात पुन्हा वर जातो. आमचे रागावणे या चक्रात भरच घालत होते. ही सवय तीव्र झाली तर तो विकार ठरतो. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानग्रंथात त्याला स्वतंत्र स्थान दिले.

त्यावरचा उपाय जुना आहे. १९७३ साली अझरिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी सवय उलटवण्याची पद्धत मांडली. तिची पहिली पायरी म्हणजे नोंद. माझी उभी हयात खतावण्यांत गेली, त्यामुळे हे काम मी आनंदाने अंगावर घेतले. एका वहीत चार रकाने आखले: वेळ, जागा, त्यापूर्वी काय चालले होते, नंतर कसे वाटले. चार दिवसांत एकतीस नोंदी झाल्या. एकोणीस रात्री दहानंतर अभ्यासाच्या टेबलावरच्या, बहुतेक भौतिकशास्त्राचे गणित अडले असताना आणि डावा गाल तळहातावर टेकलेला असताना. आठ न्हाणीघरातल्या आरशासमोरच्या, चार किरकोळ. हात कधी जातो ते कळत नाही म्हणणाऱ्या मुलीला त्याचे वेळापत्रकच मिळाले.

दुसरी पायरी म्हणजे हाताला दुसरे काम. गाल टेकला, किंवा बोट वर निघाले, की दोन्ही मुठी अंगठा आत घेऊन हलक्या मिटायच्या आणि उबळ ओसरेपर्यंत, निदान एक मिनिट, तशाच ठेवायच्या. हे चारचौघांत कोणाच्या लक्षात येत नाही आणि त्याच वेळी हाताने उकरता येत नाही, म्हणून ते निवडले. टेबलावर डाव्या हातासाठी तिच्या आजीने जपमाळ ठेवली. मणी सरकवत वाचणे तिला आवडले. आरशावर टॉवेल टाकला, चेहरा धुऊन लगेच बाहेर यायचे ठरले, नखे दर रविवारी कापायची. उघड्या जखमेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, आणि रात्री मुरमावर चिकटवायची हायड्रोकोलॉइड पट्टी, जेणेकरून बोटाला खरखर लागूच नये. मुरमांचे औषध वेगळे चालूच होते. मध्यंतरी औषधाच्या दुकानातून तिने विचारून आणलेल्या एका गोऱ्या करणाऱ्या क्रीममध्ये स्टेरॉइड निघाले. ते बाईंनी तत्काळ बंद करवले, कारण त्याने मुरूम वाढतात आणि त्वचा पातळ होते.

घरच्यांनी टोकणे थांबवले. तिची खोलीतली मैत्रीण फक्त “मूठ” एवढाच शब्द उच्चारते.

तिसऱ्या आठवड्यात नोंदी दिवसाला दोनवर आल्या. मग सराव परीक्षेत गुण घसरले आणि एका रात्रीत अकरा झाल्या. बाईंनी त्या आधीच येतील असे सांगून ठेवले होते, म्हणून वही फेकली गेली नाही.

यात रोज तासभर जात असेल, पिन किंवा चिमटा वापरला जात असेल, चेहऱ्यामुळे वर्ग चुकत असतील, तर मनोविकारतज्ज्ञांकडेच जावे. बोलायला शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. जखमेभोवती लाली पसरली, गरम लागली, पू किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. नाक आणि वरच्या ओठाजवळ तर अजिबात थांबू नये.

परवा फोनवर तिने त्या आठवड्याची बेरीज वाचून दाखवली: पाच. डाव्या गालावरचा जुना डाग अजून आहे.