पाच मिनिटांचा गणपती

विसर्जन होऊन चार दिवस झाले की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा सुरू होते, "व्हिडिओ कधी येतोय?" ज्याच्या गळ्यात हे काम पडलेलं असतं, त्याच्याकडे तोवर दहाबारा मोबाइलमधून आलेल्या शे-दीडशे क्लिप साठलेल्या असतात. त्यातल्या निम्म्या आरतीच्या. मग तो सोपा मार्ग धरतो. क्लिप दिवसांच्या क्रमाने लावतो, खाली एखादं गाजलेलं सिनेगीत टाकतो आणि वर निवेदन देतो : "यंदाही आपल्या सोसायटीत गणेशोत्सव मोठ्या उत्साहात व भक्तिमय वातावरणात पार पडला." हे वाक्य शेजारच्या सोसायटीलाही जसंच्या तसं चालतं, आणि नेमकी तीच त्याची अडचण आहे.

घोळ बहुतेकदा क्रमात असतो. आधी निवेदन लिहिलं जातं आणि रहिवाशांचं बोलणं त्यात ठिगळासारखं बसवलं जातं. खरं म्हणजे आधी रहिवाशांचं बोलणं मिळवायचं, ते कागदावर उतरवायचं, त्यातून निवड करायची आणि मग उरलेल्या फटींपुरतंच निवेदन लिहायचं.

बोलणं मिळवताना "कसं वाटलं?" हा प्रश्न टाळावा. त्याचं उत्तर "खूप छान वाटलं" हेच येतं. ते सतरा जणांकडून घेतलं तरी फरक पडत नाही. त्याऐवजी घडलेली गोष्ट विचारावी. मूर्ती आणताना पाऊस आला तेव्हा प्लास्टिक कुणी धरलं? प्रसाद कमी पडला त्या दिवशी काय केलं? आणखी एक सूचना आधीच देऊन ठेवावी : उत्तर पूर्ण वाक्यात द्या. कारण आपला प्रश्न कापला जाणार असतो. "किती मोदक केले?" यावर आजी नुसतं "एक्क्याऐंशी" म्हणाल्या, तर फिल्ममध्ये त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

हे बोलणं मांडवात रेकॉर्ड करू नये. मागे ताशा असेल तर शब्द ऐकू येत नाहीत, आणि ताशा थांबला तरी पार्किंगच्या काँक्रीटमध्ये आवाज घुमतो. पडदे, गादी, कपड्यांचं कपाट असलेली झोपायची खोली सगळ्यात बरी. पंखा बंद, मोबाइल तोंडापासून दीड वितीवर. ढोलाचा आवाज वेगळा घ्यावा, तोही लांबून. अगदी पुढ्यात उभं राहून घेतला तर तो फाटतो. एडिटिंगच्या ॲपमध्ये आवाजाचे उंचवटे वरून सपाट कापल्यासारखे दिसले, की समजावं फाटलाय. तो नंतर दुरुस्त होत नाही. शिवाय रिकाम्या मांडवाचा अर्धा मिनिट नुसता आवाज घेऊन ठेवावा. दोन वाक्यांच्या मधे जोड आला की तिथे अचानक शांतता पडते, ती त्याने भरून निघते.

यानंतरचं काम वहीतलं आहे, आणि ते टाळणाऱ्यांचे व्हिडिओ लांबतात. कोण बोललं, कुठल्या क्लिपमध्ये, कितव्या मिनिटाला आणि नेमकं काय, हे सगळं उतरवून काढायचं. कानाला गोड वाटलेलं बरंचसं बोलणं कागदावर पोकळ दिसतं. एकेका माणसाची दहा ते पंधरा सेकंद, यापेक्षा जास्त सहसा लागत नाहीत.

समजा, पाच दिवसांचा गणपती आहे आणि फिल्म पाच मिनिटांची करायची आहे. म्हणजे हातात तीनशे सेकंद. त्यातले तीस-पस्तीस शीर्षकाला आणि शेवटच्या नावांना जातात. रहिवाशांना सव्वादोन मिनिटं दिली, तर निवेदनाला जेमतेम एक मिनिट उरतं. बाकी वेळ आरती, ढोल, पोरांचा गलका यांना मोकळा सोडायचा. सावकाश, आपुलकीने वाचलेलं मराठी मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्दांच्या आसपास जातं. म्हणजे अख्ख्या उत्सवाचं निवेदन शंभरेक शब्दांत बसवायचं आहे. हा आकडा समोर असला की "भक्तिमय वातावरण" आपोआप गळतं.

आता यातला एक तुकडा जवळून बघू. वहीत बी विंगच्या आजींचं बोलणं आहे : "एकवीस सांगितले होते. मी एक्क्याऐंशी केले. पोरं वासावर येतात, त्यांना काय नाही म्हणायचं?" यावर निवेदकाने "आजींनी स्वादिष्ट उकडीचे मोदक बनवले" असं म्हणणं म्हणजे आजींचंच बोलणं पुन्हा, तेही फिकं करून सांगणं. संहिता अशी लिहिता येईल :

चित्र : अंधारात इमारत, एकाच खिडकीत दिवा.
आवाज : कुकरची शिट्टी. निवेदक : "चतुर्थीची पहाट. बी विंगमध्ये एकच स्वयंपाकघर जागं झालंय."
चित्र : आजींचा चेहरा, मग कळ्या पाडणारी बोटं, मोदकपात्राची वाफ.
आवाज : आजी : "एकवीस सांगितले होते. मी एक्क्याऐंशी केले…"
चित्र : ताटाभोवती पोरं.
आवाज : आजींचं शेवटचं वाक्य, मग पोरांचाच गलका. निवेदक गप्प.

निवेदकाने इथे वेळ आणि जागा सांगितली आणि तो बाजूला झाला. आजींचं बोलणं मधे दोन ठिकाणी कापलेलं असलं तरी त्या वेळी पडद्यावर त्यांची बोटं आहेत, त्यामुळे काप दिसत नाही. म्हणून उत्सवाच्या दिवशी चेहऱ्यांइतकेच हातही टिपून ठेवावेत : हार ओवणारे, रांगोळी भरणारे, वर्गणीची पावती फाडणारे. शूटिंग करणारे नेमके तेच विसरतात.

सुरुवात मूर्तीच्या आगमनाने करायची गरज नाही. मला तरी पार्किंग रिकामं करण्याचा प्रसंग अधिक आवडेल. मांडवासाठी गाड्या हलवायच्या असतात, एक गाडी कुणाची तेच कळत नाही आणि वॉचमनकाका मजले चढत बेल वाजवत फिरतात. त्यांना बोलतं केलं तर सोसायटीतली सगळी माणसं अर्ध्या मिनिटात ओळखीची होतात.

निवेदनाचा आवाज सोसायटीतलाच असावा. नाटकातला कमावलेला आवाज इथे परका वाटतो. वाचणाऱ्याने समोर एकच माणूस बसलाय असं धरून वाचावं. वाचताना जिथे दम लागतो ते वाक्य लांब झालेलं असतं. तिथे दोन करावीत. "संपन्न झाला", "उपस्थित होते" असले शब्द कुणी कितीही प्रेमाने वाचले तरी नोटीसबोर्डासारखेच ऐकू येतात.

गाण्याचं मात्र आधीच ठरवावं. मांडवात स्पीकरवर गाणं लावणं वेगळं आणि ते व्हिडिओत घालून यूट्यूबवर चढवणं वेगळं. तिथे सिनेगीत आपोआप ओळखलं जातं. मग हक्कदाराचा दावा येतो, कधी व्हिडिओ अडतो, कधी त्यावर त्याच्या जाहिराती लागतात. समर्थ रामदासांच्या आरतीच्या शब्दांवर आज कुणाचा हक्क नाही, पण बाजारातल्या तिच्या ध्वनिमुद्रणावर असतो. तेव्हा सोसायटीने स्वतः म्हटलेली आरतीच घ्यावी. ती थोडी बेसूर असते, टाळ पुढे पळतात, आणि ऐकणारे त्यात आपला आवाज शोधतात. मुलांचे चेहरे मोठे दिसणार असतील तर आईवडिलांना विचारून घ्यावं, आणि व्हिडिओ सगळ्यांना खुला न ठेवता लिंक असणाऱ्यांपुरताच ठेवावा.

कमिटीला दाखवल्यावर दोन तक्रारी हमखास येतात. अध्यक्षांचं भाषण कुठे गेलं आणि देणगीदारांची नावं का वाचली नाहीत? भाषणातलं एखादं जिवंत वाक्य असेल तर ते घ्यावं. पूर्ण भाषणाची वेगळी लिंक द्यावी. नावं शेवटी पडद्यावर सरकवावीत, निवेदकाने वाचू नयेत. आणि ती खजिनदारांच्या वहीशी दोनदा ताडून घ्यावीत, कारण एक नाव राहिलं तर पुढच्या सर्वसाधारण सभेत चर्चा फिल्मची होत नाही, त्या नावाचीच होते.