बाहूचे स्नायूक्षेत्रफळ

बाहूचे स्नायूक्षेत्रफळ म्हणजे दंडाच्या मध्यावर आडवा छेद घेतल्यास त्यात स्नायूंनी व्यापलेली जागा. दंडाचा घेर आणि त्वचेच्या घडीची जाडी या दोन मापांवरून तिचा अंदाज बांधता येतो. ही पद्धत कुपोषणाच्या पाहणीत वापरली जाते.

मापन

खांद्याच्या हाडाचे टोक आणि कोपराचे टोक यांच्या मधोमध खूण करतात. हात सैल सोडून न ताणणाऱ्या फितीने घेर घेतात. त्याच पातळीवर दंडाच्या मागील बाजूस त्वचा व तिच्याखालील चरबी चिमटीत धरून कॅलिपरने घडीची जाडी मोजतात. चिमटीत स्नायू आला तर माप फसते. कॅलिपर फार वेळ दाबून ठेवला, तर चरबी दबून आकडा हळूहळू उतरत जातो.

सूत्र

घडीत चरबीचा थर दुहेरी असतो. म्हणून एका बाजूचा थर तिच्या निम्मा. दंड वर्तुळाकार मानल्यास त्रिज्या तेवढ्याने घटते आणि परीघ π गुणिले घडीची जाडी इतका कमी होतो. घेर C आणि घडी S, दोन्ही सेंटिमीटरमध्ये, घेतल्यास:

A = (C − πS)² / 4π

या क्षेत्रफळात हाडही येते. हेम्सफील्ड व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हाड वगैरे वगळण्यासाठी प्रौढ पुरुषांत १० आणि स्त्रियांत ६.५ चौ. सेंमी वजा करण्याची दुरुस्ती सुचवली.

उदाहरण

चाकणच्या एखाद्या कारखान्यातील दोन पुरुष कामगारांचा घेर २८ सेंमीच आहे असे मानू. पहिल्याची घडी १२ मिमी, म्हणजे १.२ सेंमी. २८ मधून ३.७७ वजा जाता २४.२३ उरतात, क्षेत्रफळ ४६.७ व दुरुस्तीनंतर ३६.७ चौ. सेंमी येते. दुसऱ्याची घडी २० मिमी असल्यास हेच उत्तर २७.५ येते. नुसत्या फितीला हा फरक दिसलाच नसता.

घडी सेंटिमीटरमध्ये बदलायची राहून गेली, तर कंसातील संख्या ऋण होते. पण वर्गामुळे चूक झाकली जाते. पहिल्या कामगाराचे क्षेत्रफळ मग ७.५ दिसते आणि हाडाची वजाबाकी करताच उत्तर ऋण येते. म्हणून वर्ग करण्यापूर्वीची संख्या पाहणे बरे.

मर्यादा

चरबी दंडाभोवती सर्वत्र सारखी नसते, आणि एकाच जागची घडी सगळ्या थराचा भरवसा देत नाही. स्थूल व्यक्तींत अंदाज विशेष ढळतो. सूज असल्यास पाणीही स्नायू म्हणून मोजले जाते.

पुणे परिसरातील अभ्यास

घेर व घडी वेगवेगळे पाहण्याची गरज पुण्याजवळील सहा गावांतील गर्भवतींच्या अभ्यासातून ठळक झाली. के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. दंडाचा घेर बराच कमी होता. मात्र खांद्याच्या पात्याखालील त्वचेच्या घडीत तितकी घट नव्हती. बाळ कृश, पण चरबी त्या मानाने टिकून, असे हे चित्र होते.