नोटीस पिरियडचं कलम सोपं करताना

नेमणूकपत्रावर सही करताना ते कोणी नीट वाचत नाही. ते वाचलं जातं राजीनामा देताना. नवी नोकरी हातात असते, तिथे रुजू व्हायची तारीख ठरलेली असते, आणि जुन्या पत्रातलं हे वाक्य समोर येतं :

‘सदर नियुक्ती उभय पक्षांपैकी कोणासही दुसऱ्या पक्षास दोन महिन्यांची लेखी पूर्वसूचना देऊन अथवा तदैवजी उक्त कालावधीच्या मूळ वेतनाइतकी रक्कम अदा करून संपुष्टात आणता येईल, परंतु कर्मचाऱ्याने अशी रक्कम अदा करण्याचा प्रस्ताव दिल्यास तो स्वीकारणे वा नाकारणे हे सर्वस्वी कंपनीच्या स्वेच्छाधीन राहील, तसेच उक्त कालावधी संपण्यापूर्वी कर्मचाऱ्यास कार्यमुक्त करण्याचा अधिकार कंपनीस राहील.’

ही भाषा सोपी करायची म्हटलं की एचआर खात्यातलं कोणी तरी उत्साहाने लिहितं : ‘नोकरी सोडायची असेल तर दोन महिने आधी सांगा किंवा दोन महिन्यांचा पगार भरा.’ वाक्य छोटं झालं, वाचणाऱ्याला समजलंही. पण मूळ करार मात्र बदलला. हे टाळून कलम सोपं करता येतं. त्यासाठी लिहायला बसण्यापूर्वी एक काम करावं लागतं. कलमाचा जोर नेमका कुठे आहे, ते शोधायचं. ‘सदर’, ‘उक्त’, ‘तदैवजी’ या शब्दांत तो नसतो. कोणी करायचं, काय करायचं, किती दिवसांत, किती पैसे, कोणाच्या मर्जीने आणि नाही केलं तर काय, या प्रश्नांच्या उत्तरांत तो असतो. कलम कितीही साधं लिहिलं तरी ही उत्तरं तीच राहिली पाहिजेत.

वरच्या कलमातली उत्तरं एकेक करून कागदावर काढू. नोकरी दोन्ही बाजूंना संपवता येते. सोप्या वाक्यात कंपनीवरची जबाबदारी गळून पडली. सूचना लेखी हवी; ‘सांगा’ म्हटल्यावर तोंडी सांगूनही भागतं, असा अर्थ निघतो. सूचनेऐवजी भरायची रक्कम मूळ वेतनाची आहे, सगळ्या पगाराची नाही. आणि पैसे भरून लवकर जायचं असेल तर कंपनीची संमती लागते; सोप्या वाक्यात तो कर्मचाऱ्याचा हक्क होऊन बसला.

यातला मूळ वेतनाचा फरक आकड्यांत पाहू. समजा एखाद्याचा महिन्याचा पगार ४०,००० रुपये आहे आणि त्यात मूळ वेतन २०,०००. त्याचा राजीनामा कंपनीला ३१ मे रोजी मिळाला, म्हणजे दोन महिने ३१ जुलैला संपतात. कंपनीच्या संमतीने तो ३० जूनलाच निघाला, तर एक महिना कमी पडला. जुन्या कलमाप्रमाणे त्याने २०,००० रुपये भरायचे. नव्या ‘सोप्या’ वाक्याप्रमाणे ४०,०००. एका शब्दाच्या बदलाने फुल अँड फायनलच्या हिशोबात वीस हजारांचा फरक पडतो.

मुदतीचंही तसंच. ‘दोन महिने’ मोजायला अवघड, म्हणून ‘६० दिवस’ लिहिण्याचा मोह होतो. पण १ जुलैपासूनचे दोन महिने ६२ दिवसांचे असतात आणि साध्या वर्षात १ फेब्रुवारीपासूनचे ५९ दिवसांचे. मुदत बदलायची असेल तर ती उघडपणे बदलावी. भाषा सोपी करण्याच्या ओघात ती बदलू नये.

ही यादी हातात घेऊन तेच कलम असं लिहिता येतं :

‘१. तुम्हाला नोकरी सोडायची असेल, तर तुम्ही कंपनीला दोन महिन्यांची लेखी नोटीस दिली पाहिजे. कंपनीला तुमची नोकरी संपवायची असेल, तर कंपनीनेही तुम्हाला दोन महिन्यांची लेखी नोटीस दिली पाहिजे.
२. नोटीस मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दोन महिने मोजले जातील. ईमेलने दिलेली नोटीस लेखी मानली जाईल.
३. नोटिशीऐवजी कंपनी तुम्हाला तेवढ्या काळाचे मूळ वेतन देऊ शकते. नोटिशीऐवजी तुम्हाला मूळ वेतन भरायचे असेल, तर कंपनीची लेखी संमती लागेल. कंपनी संमती नाकारू शकते.
४. दोन महिने संपण्याआधी कंपनी तुम्हाला कामावरून मोकळे करू शकते. तसे केल्यास उरलेल्या दिवसांचे मूळ वेतन कंपनी तुम्हाला देईल.’

शब्द कमी झालेले नाहीत, उलट वाढले आहेत. एका लांब वाक्याची छोटी वाक्यं झाली आणि प्रत्येक वाक्यात कोणी काय करायचं ते आलं. ‘मूळ वेतन’ हा शब्द मुद्दाम तसाच ठेवला आहे आणि दर वेळी तोच वापरला आहे. निबंध लिहिताना शब्दांची पुनरुक्ती टाळायला आपल्याला शिकवलेलं असतं. करारात मात्र पुनरुक्तीच हवी. एका ओळीत ‘वेतन’, पुढे ‘पगार’ आणि त्याच्या पुढे ‘मोबदला’ असं लिहिलं, की या तीन वेगळ्या गोष्टी आहेत असं म्हणायला कोणालाही जागा मिळते. क्रियापदांचंही असंच. ‘दिली पाहिजे’ म्हणजे बंधन, ‘देऊ शकते’ म्हणजे मुभा, ‘देईल’ म्हणजे वचन. ‘नोटीस द्यावी’ असं लिहिलं तर ती विनंती आहे की सक्ती, यावर वाद घालता येतो.

आता मुद्दा क्रमांक दोन पूर्ण पाहा, आणि चारमधलं शेवटचं वाक्यही. जुन्या कलमात ते नव्हतंच. दिवस कधीपासून मोजायचे आणि लवकर मोकळं केलं तर उरलेल्या दिवसांचे पैसे मिळणार का, याबद्दल ते कलम गप्प होतं. जड भाषेत अशा फटी दिसत नाहीत. साध्या भाषेत त्या लगेच उघड्या पडतात. पण त्या बुजवणं हे भाषेचं काम नाही, तो निर्णय आहे. म्हणून लिहिणाऱ्याने असं प्रत्येक नवं वाक्य वेगळ्या रंगात दाखवावं आणि व्यवस्थापन व वकील यांच्याकडून त्यावर होकार घ्यावा. फट तशीच ठेवण्यात कंपनीचाही फायदा नाही. करारातल्या संदिग्ध वाक्याचे दोन अर्थ निघत असतील, तर ज्याने ते लिहिलं त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ घ्यावा, हे करारांच्या अर्थ लावण्यातलं जुनं तत्त्व आहे.

कधी कधी वाचणाऱ्याला दिलासा देण्याच्या नादात अर्थ निसटतो. प्रोबेशनच्या कलमात हे हमखास होतं. मूळ कलम म्हणतं की सहा महिने परिविक्षा, त्यानंतर काम समाधानकारक वाटल्यास कंपनी लेखी आदेशाने कायम करेल, आणि तो आदेश निघेपर्यंत परिविक्षा चालू राहील. सोपी आवृत्ती म्हणते, ‘पहिले सहा महिने प्रोबेशन, नंतर तुम्ही कायम.’ या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. १९६८ साली पंजाब सरकार विरुद्ध धरमसिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच फरकाकडे पाहिलं. तिथल्या शिक्षण सेवेच्या नियमांत परिविक्षेची कमाल मर्यादा तीन वर्षं होती. त्यापुढेही कर्मचाऱ्यांना कामावर ठेवलं, म्हणून ते कायम झाले असं न्यायालयाने मानलं. अशी मर्यादा नसेल आणि कायम करण्यासाठी आदेश लागत असेल, तर नुसतं काम चालू राहिल्याने माणूस कायम होत नाही, हाही दंडक आहे. त्यामुळे साध्या भाषेतही दोन वाक्यं लागतातच : ‘कंपनीने लेखी पत्र दिल्यावर तुम्ही कायम व्हाल. ते पत्र मिळेपर्यंत तुम्ही प्रोबेशनवर राहाल.’ वाचायला हे कमी सुखद वाटेल, पण कर्मचाऱ्याला आपण नेमके कुठे उभे आहोत ते कळेल.

याच्या उलटही घडतं. कलम सोपं केल्यावर लक्षात येतं की ते मुळात टिकणारंच नव्हतं. ‘विनापरवाना सलग आठ दिवसांहून अधिक काळ अनुपस्थित राहिल्यास सेवा आपोआप संपुष्टात आल्याचे समजण्यात येईल’ हे वाक्य अनेक पत्रांत सापडतं. साध्या भाषेत ते असं होईल : ‘न कळवता आठ दिवसांपेक्षा जास्त आला नाहीत, तर काही न विचारता तुमची नोकरी जाईल.’ असं लिहिताना हात थबकतो, आणि तो थबकायलाच हवा. डी. के. यादव विरुद्ध जेएमए इंडस्ट्रीज या खटल्यात नेमकं असंच कलम होतं. आपल्याला फाटकातून आतच घेतलं नाही, असं कामगाराचं म्हणणं होतं. म्हणणं ऐकून न घेता, चौकशी न करता नोकरी संपवणं नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सांगितलं आणि त्याला निम्म्या थकीत पगारासह कामावर परत घ्यायला लावलं. म्हणजे इथे भाषा सुधारून भागणार नाही. आधी कार्यपद्धत बदलायला हवी. ती बदलली की वाक्यही बदलतं : ‘न कळवता आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलात, तर कंपनी तुम्ही दिलेल्या पत्त्यावर पत्र पाठवून कारण विचारेल. पत्रात दिलेल्या मुदतीत तुम्ही उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसले, तर कंपनी चौकशी करेल. चौकशीत दोषी ठरल्यास कंपनी तुम्हाला नोकरीवरून काढू शकते.’

काही शब्द सोपे करू नयेत. ‘ग्रॅच्युइटी’ला कायद्याने ठरवलेला अर्थ आहे. ‘गैरवर्तन’ या सदरात काय काय येतं, त्याची यादी स्थायी आदेशांत असते. त्याजागी ‘वाईट वागणूक’ लिहिलं तर यादीशी असलेला धागा तुटतो. असे शब्द ठेवावेत आणि शेजारी एका ओळीत त्यांचा अर्थ सांगावा.

कामगाराला समजणाऱ्या भाषेत नियम असावेत, ही काही आजकालची टूम नाही. स्थायी आदेश इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावावेत, असं १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्यातच म्हटलं होतं. इंग्रजी आणि मराठी अशी दोन्ही पत्रं देत असाल, तर वाद झाल्यास कोणतं ग्राह्य धरायचं तेही लिहावं; नाही तर दोन पत्रांतला फरक हाच वादाचा विषय होतो.

कलम लिहून झालं की ‘समजलं का?’ असं विचारण्यात अर्थ नाही, कारण सगळे होच म्हणतात. त्यापेक्षा चार-पाच प्रसंग लिहून काढावेत. राजीनामा ३१ मे रोजी दिला, ३० जूनला जायचं आहे, किती पैसे भरायचे? कंपनी नाही म्हणाली तर? व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं तर चालेल का? हे प्रश्न जुनं कलम हातात देऊन वकिलाला विचारावेत, आणि नवं कलम हातात देऊन शॉप फ्लोअरवरच्या ऑपरेटरला. दोघांची उत्तरं जुळली, तर अर्थ टिकला. जुळली नाहीत, तर जिथे फरक पडला ते वाक्य पुन्हा लिहायचं. आणि जुनं कलम वाचून वकिलालाही ठाम उत्तर देता आलं नाही, तर तिथे आधी कंपनीला निर्णय घ्यावा लागेल, वाक्य त्यानंतर.